बॅग थेट बोस्टनला जाते की दिल्लीच्या पट्ट्यावर येते? एक तिकीट आणि दोन तिकिटं यांतला फरक

नागपुरातून परदेशी जाणाऱ्याला दोहा किंवा शारजाहचं विमान सोयीचं नसेल, तर आधी दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागते. म्हणजे प्रवास तुकड्यांतच होणार. हे तुकडे एका तिकिटात बांधलेले आहेत की वेगवेगळ्या तिकिटांत, एवढ्या एका गोष्टीवर पुढचं सगळं ठरतं: सामान कोण नेणार, विमान चुकलं तर खर्च कोणाचा, मधल्या देशाचा व्हिसा लागणार की नाही. तिकिटं काढण्याच्या कामात मी रोज हे बघते, आणि लोकांना हा फरक बहुतेक वेळा पैसे भरून झाल्यावर कळतो. म्हणून एकच उदाहरण घेऊन तो नीट उलगडते.

समजा, मनीषनगरमधले एक काका-काकू डिसेंबरमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी बोस्टनला निघाले आहेत. प्रत्येकी दोन बॅगा, प्रत्येक बॅग 23 किलोची. डिंकाचे लाडू, कुरडया, मेतकूट, बाळंतिणीचे मसाले, स्वेटर, सगळं त्यात. मार्ग नागपूर, दिल्ली, फ्रँकफर्ट, बोस्टन. नागपूर-दिल्ली एअर इंडियाने, पुढचे दोन टप्पे लुफ्थान्साने. हाच प्रवास दोन तऱ्हेने विकत घेता येतो, आणि स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

आधी एका तिकिटाचं बघू. लुफ्थान्सा नागपूरला येत नाही, तरी ती नागपूर ते बोस्टन असं पूर्ण तिकीट विकू शकते. कारण दोन विमान कंपन्यांमध्ये आधीच करार झालेला असतो की आम्ही एकमेकांची तिकिटं मान्य करू, एकमेकांचे प्रवासी आणि त्यांचं सामान पुढे नेऊ. यालाच इंटरलाइन करार म्हणतात. प्रवासी पैसे एकाच कंपनीला देतो. त्या तिकिटात प्रत्येक टप्प्यासाठी एकेक कूपन असतं. पूर्वी ही कागदाची कूपनं फाडून घेत, आता ती संगणकात असतात. एअर इंडियाने नागपूर-दिल्लीचं कूपन वापरलं की तेवढ्या टप्प्याचा वाटा ती लुफ्थान्साकडून वसूल करते. हा हिशेब मिटवण्यासाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं क्लिअरिंग हाउस 1947 पासून चालू आहे. प्रवाशाला यातलं काही दिसत नाही, पण याच हिशेबामुळे नागपूरच्या काउंटरवरची मुलगी बोस्टनपर्यंतची जबाबदारी घेऊ शकते.

इथे कोडशेअरशी गल्लत होते, म्हणून एवढंच सांगते. कोडशेअरमध्ये एक कंपनी दुसरीच्या विमानाला स्वतःचा नंबर लावून विकते. इंटरलाइनमध्ये विमानाचा नंबर ज्याचा त्याचाच राहतो. सामानाच्या दृष्टीने दोन्हींत महत्त्वाचं तेच, तिकीट एक असणं.

आता काका-काकू सोनेगावच्या विमानतळावर काउंटरशी उभे आहेत. चारही बॅगा काट्यावर जातात. देशांतर्गत विमानात साधारण 15 किलोचीच मुभा असते, पण यांना कोणी अडवत नाही. तिकीट बोस्टनपर्यंतचं आहे, त्यामुळे नागपूर-दिल्ली टप्प्यालाही दोन-दोन बॅगांचाच नियम लागतो. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून येणाऱ्या तिकिटावर सुरुवातीला जो सामानाचा नियम लागला तोच शेवटपर्यंत लावायचा, असं तिथल्या सरकारने कंपन्यांना बांधून दिलेलं आहे.

मग बॅगेला पट्टी लागते. ती पट्टी हा या सगळ्यातला सर्वांत बोलका कागद आहे, तेव्हा तिच्याकडे जरा जवळून बघा. मोठ्या अक्षरांत तीन अक्षरांचा कोड असतो तो शेवटच्या मुक्कामाचा, म्हणजे BOS. त्याच्या आसपास बारीक अक्षरांत DEL आणि FRA, त्या-त्या विमानाचा नंबर आणि तारीख. बारकोडखाली दहा आकडे असतात. त्यातला पहिला आकडा सोडला तर पुढचे तीन पट्टी काढणाऱ्या कंपनीचे आणि उरलेले सहा त्या बॅगेचा अनुक्रमांक. एअर इंडियाचा आकडा 098, लुफ्थान्साचा 220. नागपूरला पट्टी छापली गेली त्याच क्षणी त्या दहा आकड्यांचा संदेश पुढच्या विमानतळांच्या सामान-यंत्रणेकडे जातो: ही बॅग येते आहे, अमक्या विमानाने, पुढे तमक्या विमानात चढवायची. दिल्लीला बॅग विमानाच्या पोटातून उतरते, पुन्हा तपासली जाते आणि आतल्या आत फ्रँकफर्टच्या विमानाकडे जाते. काका-काकू दिल्लीत फक्त इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी करतात. पट्ट्याकडे जायचं कामच नाही.

काउंटरवरचं बोलणं साधारण असं होतं:

“काका, बॅगा बोस्टनपर्यंत टॅग केल्या आहेत. दिल्लीला घ्यायच्या नाहीत.”

“आणि फ्रँकफर्टला?”

“तिथेही नाही. थेट बोस्टनला पट्ट्यावर येतील. ही चार स्टिकरं सांभाळून ठेवा.”

ती चार स्टिकरं म्हणजे पट्टीचाच छोटा तुकडा, त्यावर तेच दहा आकडे. बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून देतात. पुढच्या विमानांचे बोर्डिंग पास नागपूरलाच मिळाले नाहीत तर घाबरू नका. दुसऱ्या कंपनीची यंत्रणा कधीकधी ते लगेच देत नाही, दिल्लीच्या ट्रान्सफर काउंटरवर मिळतात. बॅगेचा आणि बोर्डिंग पासचा मार्ग वेगळा असू शकतो. पट्टीवर BOS आहे ना, मग बॅग बोस्टनचीच.

आता दुसरी तऱ्हा. तिकिटं शोधताना काकांच्या पुतण्याला दिसलं की नागपूर-दिल्ली एका स्वस्त कंपनीचं वेगळं घेतलं आणि दिल्ली-बोस्टन लुफ्थान्साचं वेगळं, तर दोघांचे मिळून समजा चौदा हजार रुपये वाचतात. वेबसाइटने दोन्ही एकाच पानावर, एकाच बुकिंग क्रमांकाखाली दाखवले. एकदाच पैसे भरले, एकच ईमेल आला. त्यात कुठेतरी बारीक अक्षरांत Self-transfer लिहिलेलं होतं. म्हणजे दोन कंपन्यांशी दोन स्वतंत्र व्यवहार झाले, आणि मधला दिल्लीतला बदल सर्वस्वी प्रवाशाचा. दोन्ही कंपन्यांना एकमेकींबद्दल काहीच माहिती नाही.

पहिला धक्का नागपुरातच बसतो. देशांतर्गत तिकिटावर माणशी 15 किलो, हातात 46 किलो. माणशी 31 किलो जास्त, दोघांचे 62. किलोला पाचशे रुपये जरी धरले तरी 31,000 रुपये. चौदा हजार वाचवले आणि एकतीस हजार भरले. काही कंपन्या पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवल्यावर आधीच जास्तीचं वजन सवलतीत विकत घेऊ देतात, पण ते आधी विचारून, आधी भरून. काउंटरवर उभं राहून सवलत मागितली तर मिळेलच असं नाही.

दुसरं म्हणजे पट्टीवर मोठ्या अक्षरांत DEL येतं. बॅग दिल्लीच्या पट्ट्यावर येणार, ती उचलायची, बाहेर पडायचं, लुफ्थान्साच्या टर्मिनलला जायचं, रांगेत उभं राहून पुन्हा जमा करायची. वेळेचा हिशेब मांडून बघू. समजा, नागपूरहून संध्याकाळी साडेसहाचं विमान, दिल्लीला सव्वाआठला. लुफ्थान्सा रात्री पावणेदोनला टर्मिनल 3 वरून. काउंटर तासभर आधी, पावणेएकला बंद. हातात साडेचार तास दिसतात आणि ते भरपूर वाटतात.

पण डिसेंबर आहे. दिल्लीतलं धुकं पहाटेचं असतं, तरी ते संध्याकाळच्या विमानालाही नडतं, कारण दिवसभर तेच विमान या गावाहून त्या गावाला फिरत असतं आणि सकाळी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो. समजा तीन तास उशीर झाला. सव्वाअकराला उतरलात. बसने टर्मिनलला यायला आणि पट्ट्यावर चार बॅगा मिळायला पाऊण तास, म्हणजे बारा. विमान टर्मिनल 1 ला उतरलं असेल तर तिथून टर्मिनल 3 धावपट्टीच्या पलीकडे आहे. चार बॅगांसह टॅक्सी बघून पोचायला अर्धा तास धरा. साडेबारा. दाराशी तिकीट-पासपोर्ट तपासणी, मग लुफ्थान्साची रांग. पंधरा मिनिटांत काउंटर गाठायचा. वयस्कर माणसांना हे जमणारं नाही.

विमान गेलं तर काय? लुफ्थान्साच्या दृष्टीने हे प्रवासी आलेच नाहीत. ‘नो-शो’. त्यांना नागपूरच्या विमानाशी देणंघेणं नाही. पुढचं तिकीट त्या दिवशीच्या दराने घ्यावं लागतं किंवा दंड आणि भाड्यातला फरक भरावा लागतो. शिवाय पहिला टप्पा न वापरल्यामुळे त्या तिकिटाचे पुढचे सगळे टप्पे, परतीचेसुद्धा, रद्द होऊ शकतात. स्वस्त कंपनीही चुकीची नाही. तिने दिल्लीला पोचवण्याचं कबूल केलं होतं, ते तिने केलं. रात्री एक वाजता काउंटरवर कितीही भांडलं तरी उपयोग नाही, कारण तिथल्या माणसाच्या हातात तिकीट बदलण्याचा अधिकारच नसतो.

हाच उशीर पहिल्या तऱ्हेत झाला असता तर? तिकीट एक आहे, त्यामुळे पुढचं विमान चुकणं ही कंपनीची अडचण ठरते. त्याच तिकिटावर पुढच्या उपलब्ध विमानात, जास्तीचे पैसे न घेता, जागा द्यावी लागते. बॅगाही नव्या मार्गाला लावल्या जातात. मुळात असं तिकीट विकताना दोन विमानांमध्ये किमान किती वेळ हवा हे प्रत्येक विमानतळासाठी ठरलेलं असतं आणि त्यापेक्षा कमी वेळाची जोडणी यंत्रणा विकूच देत नाही. म्हणून एका तिकिटावर दोन तासांची जोडणी दिसली तरी मी फारशी धास्ती घेत नाही. दोन तिकिटांवर मात्र पाच तासही मला कमी वाटतात.

फ्रँकफर्टचाही विचार करा. समजा दिल्ली-फ्रँकफर्ट आणि फ्रँकफर्ट-बोस्टन हे टप्पेही वेगळ्या तिकिटांवर घेतले. मग बॅग घेण्यासाठी जर्मनीत शिरावं लागतं आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा हवा. एका तिकिटावर बॅग आतल्या आत जाते, आणि अमेरिकेचा व्हिसा असलेला भारतीय प्रवासी ट्रान्झिट भागातून पुढचं विमान पकडू शकतो. वेगळ्या तिकिटांवर चुकीच्या कागदांनिशी निघालात तर कंपनी दिल्लीतच विमानात चढू देत नाही, कारण प्रवाशाला परत पाठवण्याची पाळी आली तर भुर्दंड कंपनीला बसतो. नागपूरहून शारजाहला उतरून तिथून टॅक्सीने दुबईला जायचं आणि दुसरं विमान पकडायचं, अशी तिकिटंही लोक घेतात. तिथेही अमिरातीत प्रवेश करण्याचा व्हिसा हातात असल्याशिवाय हे शक्य नाही.

पैसे भरण्याआधी हे ओळखायचं कसं? बुकिंग क्रमांक एक आहे म्हणून तिकीट एक असतं असं नाही. पीएनआर एक आहे म्हणूनही नाही, कारण एकाच पीएनआरमध्ये दोन तिकिटं असू शकतात. बघायचा असतो तो तेरा आकडी तिकीट क्रमांक. पहिले तीन आकडे कंपनीचे, पुढचे दहा तिकिटाचे. काकांच्या नावासमोर चारही विमानतळांसाठी एकच क्रमांक, म्हणजे 220 ने सुरू होणारा, दिसला तर तिकीट एक. चारपेक्षा जास्त टप्पे असतील तर सलग दोन क्रमांक येतात, तेही एकच तिकीट मानलं जातं. टप्प्याटप्प्याला वेगळेच आकडे दिसले किंवा एका टप्प्याला फक्त सहा अक्षरांचा पीएनआर आणि तिकीट क्रमांकच नाही, तर तुमच्या हातात दोन व्यवहार आहेत. बऱ्याच स्वस्त कंपन्या फक्त पीएनआरच देतात. तिकीट येण्याआधीच विचारायचं असेल तर एजंटला प्रश्न असा विचारा: “बोस्टनपर्यंत एकाच तिकीट नंबरवर आहे का?” “कनेक्टिंग आहे का?” असं विचारलंत तर “हो” हेच उत्तर मिळेल, कारण दोन्ही तऱ्हांना ते लागू पडतं.

मधली एक स्थिती आहे आणि तीच सर्वांत फसवी. तिकिटं दोन, पण दोन कंपन्यांमध्ये इंटरलाइन करार आहे. अशा वेळी नागपूरच्या काउंटरवर पुढचं तिकीट दाखवून विनंती केली तर बॅगा पुढे टॅग करून देतातही. काही कंपन्या मात्र वेगळ्या तिकिटांवर असं करत नाहीत, करार असूनसुद्धा. आणि केलं तरी ती सोय फक्त बॅगेपुरती. पट्टीवर BOS आलं म्हणून चुकलेल्या विमानाची जबाबदारी कंपनीवर येत नाही, ती तिकिटाबरोबरच येते. उलट बाजूने, तिकीट एक असूनही मध्ये रात्रभराचा मुक्काम असेल तर बॅग तिथेच ताब्यात घ्यावी लागू शकते. म्हणून पट्टी लागली की तिथेच वाचा, पुढे सरकू नका. चूक असेल तर बॅग आत जाण्याआधी पट्टी बदलता येते. एकदा ती पट्ट्यावरून आत गेली की परत काढणं अवघड असतं.

एका तिकिटालाही दोन बंधनं आहेत, ती सांगायलाच हवीत. दिल्लीत काही काम आहे म्हणून काका दोन दिवस आधी रेल्वेने दिल्लीला गेले आणि नागपूर-दिल्लीचा टप्पा सोडून थेट फ्रँकफर्टच्या विमानाला आले, तर चालत नाही. कूपनं क्रमाने वापरावी लागतात. पहिलं सुटलं की पुढची रद्द. अशी गरज असेल तर आधी कंपनीला फोन करून तिकीट बदलून घ्या. दुसरं बंधन कस्टमचं. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथे बॅग घेऊन कस्टममधून न्यावी लागते. बोस्टनच शेवटचं ठिकाण आहे म्हणून काका-काकूंना ते जाणवणार नाही, पण तिथून पुढे देशांतर्गत विमान असतं तर बॅग घेऊन कस्टमनंतरच्या पट्ट्यावर परत द्यावी लागली असती. परतीच्या वाटेवर दिल्लीतही बहुतेक वेळा असंच होतं: बॅग NAG ची टॅग केलेली असली तरी ती पट्ट्यावरून घ्या, कस्टम करा आणि बाहेर पडण्याआधी ट्रान्सफर काउंटरवर द्या. ‘थेट नागपूर’ ऐकून बॅग दिल्लीतच सोडून आलेली माणसं मी पाहिली आहेत. बोस्टनच्या काउंटरवरच विचारून घ्या की दिल्लीला बॅग उचलायची आहे का.

दोन तिकिटं कधीच घेऊ नयेत असं मी म्हणत नाही. एकटा तरुण माणूस, पाठीवर सात किलोची बॅग, आदल्या दिवशीच दिल्लीला जाऊन मुक्काम, अशा वेळी पैसे खरंच वाचतात आणि धोका फार नसतो. पण मोठ्या बॅगा, वयस्कर प्रवासी, हिवाळा आणि त्याच रात्रीचं पुढचं विमान हे एकत्र आलं तर मी एकच तिकीट सुचवते, ते महाग असलं तरी.

आणि बॅग आलीच नाही तर? एका तिकिटावर बोस्टनच्या पट्ट्यावर चारपैकी तीनच आल्या तर आधी कोणी हरवली याचा शोध काकांनी घ्यायचा नसतो. शेवटच्या विमानाच्या कंपनीच्या सामान-काउंटरवर जायचं, म्हणजे इथे लुफ्थान्साकडे, आणि विमानतळ सोडण्याआधी तक्रार लिहून घ्यायची. तिथून एक क्रमांक मिळतो, आधी विमानतळाचा कोड, मग कंपनीचा आणि मग पाच आकडे. त्यावरून बॅग कुठे आहे ते इंटरनेटवर बघता येतं. भारत 2009 पासून मॉन्ट्रिअल करारात आहे. त्यानुसार अशा जोडप्रवासात पहिल्या आणि शेवटच्या दोन्ही कंपन्यांकडे दाद मागता येते. बॅग फाटली-फुटली असेल तर ताब्यात आल्यापासून 7 दिवसांत, उशिरा आली असेल तर मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. दोन तिकिटं असतील तर ज्या तिकिटावर बॅग गहाळ झाली तेवढ्याच कंपनीशी व्यवहार राहतो. म्हणून दिल्लीत बॅग ताब्यात घेताना ती तिथल्या तिथे तपासा. दुसऱ्या काउंटरवर जमा केल्यानंतर ती आधीच फुटलेली होती हे सिद्ध करणं कठीण जातं.